प्राध्यापकांसाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

लॅपटॉप घेताना होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. काही मागाहून हजार-पाचशे रुपयांत निस्तरता येतात, काही लॅपटॉप हातात आहे तोवर छळतात. माइक वाईट निघाला तर वेगळा घेता येतो, वजन मात्र कमी करता येत नाही. आणि दुकानात आपण घासाघीस करतो ती फुकट माउस नि बॅगेसाठी. वजन, बॅटरी, पंख्याचा आवाज, जोडण्या यांवर सहसा कोणी तोंड उघडत नाही.

आमच्या एका सहकारी मॅडमचंच घ्या. त्या भूगोल शिकवतात, राहायला डिचोलीत, कॉलेज पणजीकडे. सकाळची कदंब बस, मग जिना चढून वर्ग. दिष्टावो या गोव्याच्या उच्च शिक्षण खात्याच्या व्हिडिओ-पाठांच्या उपक्रमाच्या निमित्ताने गोव्यातल्या बऱ्याच प्राध्यापकांना पाठ रेकॉर्ड करायची सवय लागली, तशी त्यांनाही लागली. आता त्या रात्री जेवणं आटोपल्यावर घरीच पाऊण तासाचा पाठ करून मुलांना देतात. भाच्याने सांगितलं, "मावशी, घेतेस तर दणकट घे." म्हणून साडेपंधरा इंची, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आला. लॅपटॉप दोन किलो तीनशे ग्रॅम, वर विटेएवढा चार्जर. महिनाभरातच मुलांची तक्रार आली: मॅडम, तुमच्या मागे मिक्सर चालू असतो का?

ताकद पाहिली, पंखा ऐकला नाही

तो मिक्सर म्हणजे लॅपटॉपचा पंखा. प्रोसेसरच्या नावापुढे 'एच' असेल तर तो मुळात ४५ वॅटच्या आसपास वीज पिण्यासाठी बनवलेला असतो, 'यू' असेल तर १५ वॅटच्या आसपास. ही वीज शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर काढायला पंखा जोरात फिरतो. लॅपटॉपचा स्वतःचा माइक त्याच पेटीत, पंख्यापासून वीतभर अंतरावर असतो. तो आधी पंखा ऐकतो, मग आपल्याला.

स्लाइड आणि आवाज एकत्र रेकॉर्ड करायला एवढी ताकद लागतच नाही. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये व्हिडिओ दाबून लहान करणारा वेगळा भाग असतो. काम त्याच्याकडे दिलं तर मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा राहतो. मॅडमच्या ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र Settings > Output मध्ये Software (x264) निवडलेलं होतं, म्हणजे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर. तिथे Hardware (QSV, H.264) केलं. एएमडीचा प्रोसेसर असेल तर तिथेच Hardware (AMD, H.264) दिसतं. विंडोजमधला पॉवर मोड Best power efficiency वर आणला. पंखा पुष्कळ खाली आला. उरलेला आवाज कॉलर माइकने गेला, कारण तो तोंडापासून वीतभर आणि पंख्यापासून हातभर लांब.

कॉलर माइक घेतानाही एक फसगत होते. लॅपटॉपचं गोल भोक हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी असतं, त्यात तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांच्या पिनेचा माइक थेट खुपसला की लॅपटॉप त्याला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग आतल्याच माइकवरून चालू राहतं. माइकवर नखाने टकटक करून पाहा. ओबीएसमधली हिरवी पट्टी जोरात उसळली नाही, तर तो माइक जोडलेलाच नाही. छोटा स्प्लिटर लावला की काम होतं.

व्हिडिओ अडखळत असेल तर कारण ओबीएसच्या Stats खिडकीत सापडतं. Skipped frames due to encoding lag हा आकडा वाढत असेल तर दाबण्याचं काम झेपत नाहीये, वरचा बदल करा. Frames missed due to rendering lag वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. ब्राउझरचे टॅब बंद करा, तीसहून जास्त फ्रेम ठेवल्या असतील तर तीसवर आणा. आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवा. साध्या एमपी४ फाइलमध्ये मध्येच लॅपटॉप बंद पडला तर फाइल बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचा पाठ शाबूत राहतो, नंतर Remux Recordings ने त्याची एमपी४ होते. मृगाच्या पावसात वीज कशी जाते ते गोवेकराला सांगायला नको.

प्रोसेसरबद्दल एकच गोष्ट जास्तीची. 'रायझन ५' किंवा 'आय५' एवढ्यावर भुलू नका. रायझनच्या सात हजारी मालिकेत तिसरा आकडा आतली पिढी सांगतो. ७५२०यू दिसायला नवा, पण आतला गाभा झेन २, म्हणजे २०१९ सालचा. ७५३०यू त्याच्या पुढचा, झेन ३. दोन्हींच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'रायझन ५'च असतं. रॅम १६ जीबी घ्या. ८ जीबी घेतली तर ती बोर्डावरच डकवलेली आहे का ते आधी विचारा, कारण मग पुढे वाढवता येत नाही.

वर्गातला प्रोजेक्टर विसरला

माझ्या मते ही सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी चूक. लॅपटॉप घ्यायच्या आधी आपण ज्या वर्गांत शिकवतो तिथे जाऊन भिंतीतून कुठली वायर लोंबते आहे ते बघा. एचडीएमआय असेल तर ठीक. निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली जुनी व्हीजीए असेल तर एचडीएमआय-ते-व्हीजीए अडॅप्टर लागतो. व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाज नाही, म्हणून बाजूला आवाजाचं भोक असलेला अडॅप्टर घ्या.

बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआयला रजा देऊन फक्त टाइप-सी ठेवलेलं असतं. आणि प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर जात नाही. काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून डेटा आणि चार्जिंग. भोकाशेजारी विजेचं चिन्ह असलेला बाण म्हणजे थंडरबोल्ट, किंवा 'डी'च्या आकारातलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह, यांपैकी काही असेल तर चित्र जातं. चिन्ह नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा. विक्रेत्याच्या "हो हो, चालतं" वर विसंबू नका. त्याला टाइप-सीत पेनड्राइव्ह चालतो एवढंच म्हणायचं असेल.

जोडणी झाल्यावर गडबड होते ती विंडोज + पी दाबल्यावर. Duplicate निवडलं आणि प्रोजेक्टर १०२४ × ७६८चा असला की लॅपटॉपचा पडदाही तेवढ्यावर येतो. त्या वेळी पाठ रेकॉर्ड होत असेल तर तोही तसाच धुरकट. मॅडमचा मांडवी-झुवारीच्या खोऱ्यांचा पाठ असाच गेला. नकाशावरची नदी दिसत होती, गावांची नावं नाही. Extend केलं तर लॅपटॉप आपल्या मूळ मापावर राहतो आणि प्रेझेंटर व्ह्यूमध्ये टिपणंही दिसतात. मात्र ओबीएसला कुठला पडदा रेकॉर्ड करायचा ते आपणच सांगावं लागतं. स्लाइड प्रोजेक्टरच्या पडद्यावर असतात, म्हणून तोच निवडला तर पुन्हा धुरकट, आणि लॅपटॉपचा निवडला तर टिपणं उघडी पडतात. त्यामुळे माझा सल्ला साफ आहे: वर्गात शिकवा, रेकॉर्डिंग घरी करा. त्याच वेळी दोन्ही करायचंच असेल तर पॉवरपॉइंटच्या Set Up Slide Show मध्ये Browsed by an individual निवडा. स्लाइड शो साध्या खिडकीत उघडतो आणि ओबीएसने तेवढी खिडकीच पकडायची.

बॅटरी तासांत मोजली

डब्यावरचे 'दहा तास' मंद पडद्यावर नुसता व्हिडिओ बघून काढलेले असतात. आपण वॅट-तास बघावेत. मॅडमच्या पहिल्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांची, आणि चालू वर्गात तो वीसेक वॅट ओढायचा. पन्नास भागिले वीस, अडीच तास. तीन तासिका आणि मधला वेळ धरला की चार्जर बरोबर न्यावाच लागायचा. म्हणजे वजन तीन किलोच्या घरात. १५ वॅटवाला प्रोसेसर स्लाइड दाखवताना पडद्यासकट आठ-दहा वॅटमध्ये भागवतो. तेवढ्याच बॅटरीवर पाच तास निघतात आणि चार्जर घरी राहू शकतो.

लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होणारा असावा. ६५ वॅटचा एक साधा चार्जर कॉलेजातल्या कपाटात ठेवून द्यायचा, घरचा घरी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती खंगली आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकून कळतं:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या पानात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY शेजारी शेजारी वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवा लॅपटॉप घेण्याआधी नवी बॅटरी घालण्याचा विचार करा.

पावसाळा धरलाच नाही

थंडगार एसी लॅबमधून लॅपटॉप थेट बाहेर काढून ओसरीवर उघडला, तर जुलैत त्याच्या पत्र्यावर दव धरतं. थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसंच. आतही धरत असेल असं समजून चालायचं. बॅगेत बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या, मग चालू करा. मे महिन्याच्या सुट्टीत कपाटात टाकून चवथीला बाहेर काढू नका. अधूनमधून तासभर चालू ठेवला तर स्वतःच्याच उबेने कोरडा राहतो. बॅगेचं कापड 'वॉटरप्रूफ' म्हटलं तरी शिवणीतून पाणी येतं, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असू द्या.

पडदा चकचकीत नको, मॅट हवा, निदान ३०० निट उजेडाचा. खिडकीकडे पाठ करून शिकवताना फरक कळतो.

दुकानात काय करावं

मॅडमनी शेवटी तो लॅपटॉप भाच्यालाच दिला (तो खूश आहे) आणि चौदा इंची, एक किलो चारशे ग्रॅमचा घेतला. या वेळी जाताना पेनड्राइव्हवर आपला सगळ्यांत जड पीपीटी नेला, आणि कॉलेजातला व्हीजीए अडॅप्टर. डेमोवर पीपीटी लावून विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये दहा मिनिटं बोलल्या, मग ते हेडफोनवर ऐकलं. दहा मिनिटं यासाठी की पंखा पहिल्या दोन मिनिटांत क्वचितच जागा होतो. अडॅप्टर लावून दुकानातल्या टीव्हीवर किंवा मॉनिटरवर चित्र येतं का ते पाहिलं. लॅपटॉप चार्जरसकट बॅगेत घालून खांद्याला लावून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. विक्रेता हसला, त्यांनी लक्ष दिलं नाही.

पैसे देण्याआधी डब्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते बघावं. सहा महिन्यांपूर्वीची तारीख निघाली तर ते मॉडेल शोकेसमधलं किंवा परत आलेलं असू शकतं. शिवाय वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की आपणच केंद्रावर न्यायचा, आणि केंद्र पणजी-मडगावला आहे की बेळगाव-मुंबईला पाठवतात, हे विचारून बिलावर लिहून घ्यावं. परीक्षेच्या दिवसांत लॅपटॉप पार्सलने पाठवून वाट पाहत बसणं परवडत नाही.