जॉब डिस्क्रिप्शन लिहिताना या चुका टाळा: स्टोअरकीपरच्या पदाचं उदाहरण

जागा रिकामी झाली की जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची आणि जाहिरात सोडून द्यायची, असं सर्रास चालतं. त्या फाइलमध्ये साधारण असा मजकूर असतो: “स्टोअरकीपर पाहिजे. पुरुष, वय 25 ते 35. पदवीधर, पदव्युत्तर असल्यास प्राधान्य. किमान 8 वर्षांचा अनुभव. शरीराने धडधाकट. इंग्रजीवर प्रभुत्व. स्टोअरची सर्व जबाबदारी सांभाळणे व वरिष्ठ सांगतील ती कामे करणे.”

माणूस कसा हवा यावर इथे सहा अटी आहेत आणि काम काय यावर एकच ओळ. बाकीच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातूनच जन्माला येतात. काम नीट लिहिलेलंच नसेल, तर कोणती अट खरी आणि कोणती फुगवलेली हे ठरवायचं तरी कशावरून? म्हणून आधी कामं, मग रिपोर्टिंग आणि पात्रता सगळ्यात शेवटी, या क्रमाने लिहा.

“सर्व जबाबदारी” असं लिहू नका

सध्या जो माणूस हे काम करतो त्याच्याबरोबर एक दिवस स्टोअरमध्ये बसा आणि तो काय करतो ते उतरवून घ्या. स्टोअरकीपरची यादी मग अशी काहीतरी होते. आलेला माल चलन आणि परचेस ऑर्डरशी ताडून मोजणे; कमी किंवा फुटका निघाल्यास त्याच दिवशी लेखी कळवणे; जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, बनवणे. सही असलेली इश्यू स्लिप पाहूनच माल देणे. दर आठवड्याला ठरलेल्या वस्तूंची मोजणी करून ती बिन कार्डावरच्या, म्हणजे त्या वस्तूच्या आवक-जावक-शिल्लक नोंदीच्या कार्डावरच्या, आकड्याशी जुळवणे आणि तफावत नोंदवणे. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर जाईल अशी मांडणी ठेवणे.

प्रत्येक ओळीत काय करायचं, कशावर आणि किती वेळा, हे आलं पाहिजे. अधिकारही लिहा: स्लिपशिवाय माल नाकारायचा अधिकार या पदाला आहे की नाही? तो कागदावर नसेल तर घाईच्या वेळी वरच्या आवाजात बोलणारा माल घेऊन जातो, आणि महिनाअखेरच्या तफावतीचा जाब मात्र स्टोअरकीपरला द्यावा लागतो.

“वरिष्ठ सांगतील ती कामे” ही ओळ काढायलाच हवी असं नाही, पण तिला कुंपण घाला: “स्टोअरशी संबंधित इतर कामे, अधूनमधून.” आठवड्यातून तीन दिवस बिलांची डेटा एन्ट्री करून घ्यायची असेल, तर ते “इतर” काम नव्हे. ते यादीत स्वतंत्र लिहा.

रिपोर्टिंगमध्ये फक्त “व्यवस्थापन” लिहू नका

“रिपोर्ट टू मॅनेजमेंट” या ओळीतून कुणालाच काही कळत नाही. तीन गोष्टी लिहा: रोजचं काम कोण देणार, रजा कोण मंजूर करणार आणि वार्षिक मूल्यमापन कोण करणार. शक्यतो हा माणूस एकच असावा. दोन असतील, तर दोघांच्या कामांत टक्कर झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा, हेही लिहा. नाव लिहू नका, पद लिहा, माणसं बदलतात.

स्टोअरकीपरच्या बाबतीत इथे एक खास धोका आहे. तो खरेदी प्रमुखाच्या हाताखाली असेल, तर माल मागवणारा आणि “माल पूर्ण आला” असं लिहून देणारा हे दोघे एकाच साखळीत येतात. कमी आलेला माल पूर्ण दाखवायचा दबाव मग सहज येऊ शकतो. उत्पादन विभागाच्या हाताखाली असेल, तर स्लिपशिवाय माल सोडायचा आग्रह होतो. म्हणून हे पद दोघांपासून वेगळं ठेवावं, उदाहरणार्थ ऑपरेशन्स मॅनेजरकडे, आणि मोजणीचा तफावत अहवाल थेट अकाउंट्सलाही जावा. जागा लहान असेल आणि वेगळा मॅनेजर नसेलच, तर निदान तो अहवाल तरी खरेदीच्या टेबलावरून न जाता अकाउंट्सला पोहोचेल असं लिहून ठेवा.

अट कोणत्या कामासाठी, ते दाखवता आलं पाहिजे

आता पात्रता. प्रत्येक अटीसमोर ती ज्या कामासाठी लागते ते काम लिहा. समोरचा रकाना रिकामा राहिला तर अट खोडा.

“8 वर्षांचा अनुभव” कुठून आला हे शोधलं की बहुतेक वेळा कळतं, सोडून गेलेल्या माणसाला तेवढी वर्षं झाली होती. तो रुजू झाला तेव्हा नवखाच होता. विचारा: पहिल्या तीन महिन्यांत शिकवता येईल असं यात काय आहे? स्टोअरचं सॉफ्टवेअर शिकवता येतं. चलन आणि ऑर्डर ताडून पाहायची सवय आधीपासून असलेली बरी. मग अट होते, “मालाची आवक-जावक नोंदवण्याचा साधारण वर्षभराचा अनुभव, कोणत्याही प्रकारच्या स्टोअरमध्ये.”

पदवीची अटही याच कसोटीवर लावा: आज हे काम चांगलं करणाऱ्यांकडे ती पदवी आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ खटल्यात नेमकं हेच पाहिलं. वरच्या विभागांत जायला कंपनीने हायस्कूल डिप्लोमा सक्तीचा केला होता. पण अट येण्याआधी लागलेले, डिप्लोमा नसलेले लोक तिथे व्यवस्थित काम करत होते. अट सगळ्यांना सारखीच होती, तरी तिचा फटका कृष्णवर्णीय कामगारांना जास्त बसत होता आणि कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही. न्यायालयाने ती अमान्य केली. भेदभाव करायचा हेतू नव्हता, एवढं म्हणणं पुरेसं ठरलं नाही.

“पुरुष” आणि “धडधाकट” या अटींमागे बहुधा खोकी उचलायचं काम असतं. मग तेच लिहा: “20 किलोपर्यंतची खोकी दिवसातून काही वेळा हलवावी लागतात, ट्रॉली उपलब्ध आहे.” जी बाई किंवा पन्नाशीचा माणूस हे करू शकतो, त्याला दार बंद करायचं कारणच उरत नाही. अपंग उमेदवाराला कोणती सोय लागेल हे विचारायची जागाही याच ओळीनंतर येते. “25 ते 35” समोर लिहायला कोणतंच काम सापडत नाही, ती अट खोडा. “तरुण, उत्साही” हे शब्दही वयाचीच अट घालतात. “इंग्रजीवर प्रभुत्व” ऐवजी “इंग्रजीतली चलनं वाचता येणे आणि दोन ओळींचा ईमेल लिहिता येणे.” आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1958 चा करार क्रमांक 111 हीच रेषा आखतो: कामाला अंगभूतपणे लागणारी अट म्हणजे भेदभाव नव्हे.

जाहिरात गेल्यावर चूक लक्षात आली तर

अर्ज फारच कमी आले, तर आधी वर्षं आणि पदवी तपासा. अर्ज ढीगभर पण भलतेच आले, तर कामांची यादी ढोबळ आहे. नवा माणूस दोन-तीन महिन्यांत “हे सांगितलंच नव्हतं” म्हणून निघून गेला, तर तो काय करत होता ते यादीशी ताडून पाहा. “इतर कामे” बहुधा तिथेच फुगलेली दिसतील.

अट बदलायची ठरली तर ती मुलाखतीच्या टेबलावर गुपचूप सैल करू नका. जुनी अट वाचून ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्यावर तो अन्याय आहे. जाहिरात दुरुस्त करून पुन्हा काढा, मुदत वाढवा आणि आधीच्या अर्जदारांनाही बदल कळवा.