टॅबलेटवर ॲपचा डेमो रेकॉर्ड करताना या चुका टाळा

ॲप कसं वापरायचं हे दाखवणाऱ्या व्हिडिओबद्दल दोन तक्रारी नेहमी येतात. एक म्हणजे, ‘तुम्ही नेमकं कुठे दाबलंत ते दिसलंच नाही.’ दुसरी, ‘आवाज पुढे गेला आणि चित्र मागेच राहिलं.’ दोन्हींचा उपाय टॅबलेटवरच आहे, त्यासाठी संगणक उघडायची गरज नाही. पुढचं सगळं मुख्यतः अँड्रॉइड टॅबलेटबद्दल आहे. आयपॅडबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

स्पर्श चालू आहेत, पण दिसत नाहीत

अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर सिस्टीममध्येच मिळतो. वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या पॅनलमध्ये `Screen record` असतं. ते दाबलं की आवाजाच्या पर्यायाखाली `Show touches on screen` हे बटण येतं. ते चालू असलं की बोट टेकेल तिथे व्हिडिओत एक ठिपका उमटतो. नव्या आवृत्त्यांत तिथे फक्त एका ॲपचं रेकॉर्डिंग करायचाही पर्याय असतो. तो निवडला की स्पर्शांचं बटण नाहीसं होतं आणि लोक सेटिंग्ज उलट्यापालट्या करत बसतात. पूर्ण स्क्रीनचा पर्याय निवडा, बटण परत येईल. सॅमसंगच्या टॅबलेटवर हेच काम रेकॉर्डरच्या सेटिंग्जमधलं `Show taps and touches` करतं.

यातलं काहीच नसेल तर दुसरी वाट आहे. `About tablet` मध्ये जाऊन `Build number` वर सात वेळा टॅप केलं की `Developer options` उघडतात. तिथे `Show taps` चालू करायचं. त्याच्या शेजारीच `Pointer location` असतं आणि घाईत बोट हमखास त्यावर पडतं. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषा आणि वर आकड्यांची पट्टी दिसू लागली, तर चुकीचं बटण चालू झालंय असं समजा.

बटण बरोबर असूनही ठिपका दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा आपलं बोट असतं. रोजच्या सवयीतला टॅप साधारण एक दशांश सेकंदाचा असतो. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा धरला तर तो फिकट, अर्धपारदर्शक ठिपका जेमतेम तीन फ्रेम टिकतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तेवढ्यात तो कुणाच्याच नजरेत भरत नाही. ॲपमध्ये डार्क थीम असेल तर थोडी मदत होते, पण खरा उपाय म्हणजे बोट जरा जास्त वेळ टेकवणं.

मात्र बोट अर्ध्या सेकंदाच्या आसपास टेकून राहिलं की सिस्टीम त्याला लाँग प्रेस समजते आणि भलताच मेनू उघडते. यावर उपाय ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये आहे, पण तो फार कुणी वापरत नाही. सेटिंग्जच्या शोधात `Touch & hold delay` टाका आणि कालावधी वाढवून ठेवा. आता अर्धा सेकंद निवांत दाबलं तरी तो टॅपच राहतो आणि ठिपका पंधरा फ्रेम दिसतो. रेकॉर्डिंग झाल्यावर हे आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर टॅबलेट सुस्तावलाय असं वाटत राहील.

बोलत बोलत रेकॉर्ड करणं

माइक चालू ठेवून एका दमात सगळं उरकावं, हा मोह स्वाभाविक आहे. पण टॅबलेट टेबलावर असला की काचेवरची प्रत्येक टकटक माइकमध्ये जाते. आवाजासाठी डिव्हाइस आणि माइक दोन्ही निवडले असतील, तर ॲपचा आवाज एकदा थेट आणि एकदा स्पीकरमधून फिरून येतो. ऐकताना तो घुमल्यासारखा वाटतो. हेडफोन लावले की हे दुसरं दुखणं जातं, टकटक मात्र जात नाही.

माझ्या मते आवाज आधी आणि चित्र नंतर, हाच क्रम बरा. समजा नोट्सच्या ॲपमध्ये यादी करून तिचा क्रम बदलायला शिकवायचं आहे. आधी मजकूर लिहून काढा: ‘खालच्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबा. यादीचा पर्याय निवडा. तीन ओळी लिहा. आता तिसरी ओळ बोटाने दाबून धरा, आणि न सोडता वर ओढा.’ हे फोनच्या रेकॉर्डरवर वाचा आणि प्रत्येक वाक्यानंतर दोन-तीन सेकंद गप्प राहा. मग फोनला हेडफोन लावून ते ऐका आणि ऐकता ऐकता टॅबलेटवर तशीच कृती करा. टॅबलेटच्या रेकॉर्डरचा आवाज बंद असू द्या. कृतीचा वेग आपोआप बोलण्याशी जुळतो. शेवटी आवाजाची फाइल टॅबलेटवर घेऊन काइनमास्टर किंवा इनशॉटसारख्या एडिटरमध्ये चित्राखाली लावा.

मजकुरात ‘इथे दाबा’, ‘हे बटण’ असं लिहू नका. जागा आणि नाव आधी ऐकू यावं, ठिपका नंतर दिसावा. म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथे आधीच पोचलेली असते. टॅप आणि लाँग प्रेस यांचा ठिपका सारखाच दिसतो. त्यामुळे ‘दाबून धरा’ हे तोंडाने सांगावंच लागतं.

सुरुवातीला जुळतं, शेवटी सुटतं

पहिल्या मिनिटाला सगळं चोख असतं आणि पाचव्या मिनिटाला ठिपका वाक्याच्या मागे पडतो. आवाज चुकीच्या जागी लावला असता तर फरक पहिल्यापासून सारखाच राहिला असता. हळूहळू वाढणारा फरक दिसला, तर संशय फ्रेम रेटवर घ्यावा. स्क्रीनवर काहीच हलत नसताना रेकॉर्डर नव्या फ्रेम जवळजवळ लिहीतच नाही. म्हणजे सेकंदाला कधी ३० फ्रेम असतात, कधी अगदी मोजक्या. काही एडिटर हा चढउतार नीट हाताळत नाहीत.

त्यासाठी कच्चा व्हिडिओ एडिटरमध्ये घेऊन, काहीही न कापता, ३० फ्रेमच्या ठरावीक दराने एकदा एक्सपोर्ट करा आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा. तरीही फरक उरला तर चित्राचे वाक्यागणिक तुकडे करून प्रत्येक तुकडा आपल्या वाक्याखाली सरकवा. वाक्यांमधली ती शांतता इथेच कामी येते.

एक्सपोर्टच्या वेळी आणखी एक गोष्ट बिघडते. बऱ्याच टॅबलेटची स्क्रीन १६:१० असते आणि व्हिडिओची चौकट १६:९. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणून चौकट भरली की आडव्या स्क्रीनचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि ॲपची बटणं नेमकी तिथेच असतात. पट्ट्या राहू द्या.

आयपॅडवर

स्क्रीन रेकॉर्डिंग कंट्रोल सेंटरमध्ये आहे आणि ते बटण दाबून धरलं की माइक चालू-बंद करता येतो. स्पर्श दाखवायचं बटण मात्र सिस्टीममध्ये नाही. ॲप तुम्हीच बनवलेलं असेल तर त्यातच स्पर्शाचं वर्तुळ काढता येतं. नाहीतर एडिटरमध्ये दर टॅपवर वर्तुळाचं स्टिकर ठेवावं लागतं. काम किचकट आहे, म्हणून डेमो छोटा ठेवा.

ठिपका पिनही सांगतो

लॉगिनपासून रेकॉर्डिंग सुरू केलं तर पासवर्डच्या जागी टिंबं दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. पण कीबोर्डवर ठिपका कुठे कुठे उमटला हे बघून कुणीही तो वाचू शकतं. बँकेची ॲप्स बहुधा स्क्रीन काळी करतात, तो रेकॉर्डरचा बिघाड नव्हे. बाकीच्या ॲप्सवर मात्र विसंबू नका. लॉगिन आधीच करून ठेवा आणि `Do Not Disturb` लावा. त्याने फक्त आवाज बंद झाला आणि सूचना दिसत राहिल्या, तर त्याच सेटिंगमध्ये त्या दिसणंही बंद करा. `Show taps` डेव्हलपर ऑप्शन्समधून चालू केलं असेल, तर रेकॉर्डिंग संपल्यावरही ते चालूच राहतं. ते हाताने बंद करावं लागतं.