गालावरचे डाग आणि खड्डे : या चुका टाळा

रत्नागिरीत त्वचारोगांचा दवाखाना चालवताना मुरुमांपेक्षा मुरुमांच्या मागे उरलेल्या खुणांसाठीच अधिक माणसे येतात, आणि त्यांतील बहुतेकांची पहिली चूक सारखीच असते. ती म्हणजे डाग आणि खड्डा यांना एकच रोग समजून दोन्हींवर एकच क्रीम चोपडणे. डाग हा रंगाचा दोष आहे. मुरुमाच्या जागी दाह झाला की आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीतील रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात आणि मुरुम बसल्यावरही ते तिथे उरते. खड्डा हा घडणीचा दोष आहे. दाह खोलवर गेल्यामुळे कातडीला आतून धरून ठेवणारे कोलॅजेन तिथे नष्ट झालेले असते. डाग वेळेने आणि उन्हापासून जपल्याने फिकट होतो, परंतु खड्डा कोणत्याही सनस्क्रीनने भरत नाही.

हे ओळखण्यासाठी डॉक्टरकडे येण्याचीही गरज नाही. संध्याकाळी खोलीतील दिवा मालवून हातातील टॉर्च गालाच्या बाजूने तिरकी धरावी आणि आरशात पाहावे. जिथे सावली पडते तिथे खड्डा आहे, आणि जिथे नुसता रंग दिसतो, सावली पडत नाही, तिथे डाग आहे. पुढे दोन बोटांनी गाल हलकेच ताणून पाहावा. ताणल्यावर जो खड्डा नाहीसा होतो तो उथळ आणि पसरट असतो व उपचारांना बऱ्यापैकी दाद देतो, तर सुई टोचल्यासारखे अरुंद, खोल छिद्र ताणूनही तसेच राहते. डागांमध्येही फरक असतो. तपकिरी डाग वरच्या थरात असतो आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात विरत जातो. राखाडी किंवा निळसर झाक असलेला डाग खालच्या थरात असतो, त्याला वर्षे लागतात आणि कधीकधी तो पूर्ण जातही नाही. पारदर्शक काच दाबल्यावर जो लालसर डाग क्षणभर फिका पडतो तो रंगाचा नसून फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा असतो. त्यावर डाग घालवण्याची क्रीमे व्यर्थ आहेत, मात्र तो बहुधा आपणहून काही महिन्यांत निवळतो.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त चीड आणणारी आहे, आणि ती म्हणजे मेडिकलमधून आणलेले 'गोरे करणारे' क्रीम. गेल्या काही वर्षांतील एक उदाहरण सांगतो. बंदरालगतच्या वस्तीतील कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीचे मुरुम जवळजवळ बसले होते. गालांवर तपकिरी डाग होते आणि कानशिलाकडे काही उथळ खड्डे. घरात लग्न ठरले होते, तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून तिने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधे एकत्र असलेले क्रीम आणले. हे क्रीम वाईट नाही. वांगासाठी, काही आठवडे आणि देखरेखीखाली ते आम्हीही देतो. परंतु त्यातील मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ते दाह दाबते आणि रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे पंधरवड्यात चेहरा उजळला आणि घरात सर्वांनी कौतुक केले. मग ते रोजचे झाले. मार्गशीर्षात सुरू केलेले क्रीम आंब्याचा हंगाम आला तरी चालूच होते, आणि त्या महिन्यांत ती मामाच्या कलमांच्या बागेत पेट्या भरायला, म्हणजे उन्हात, जात होती.

ट्यूब संपली आणि दोन-तीन दिवस नवी मिळाली नाही, तेव्हा चेहऱ्याची आग सुरू झाली. लाली आली, आणि गालांवर एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठल्या. नेहमीच्या मुरुमांत लहानमोठे, काळ्या तोंडाचे, पिकलेले असे सर्व प्रकार एकत्र असतात. इथे सगळ्या सारख्या होत्या, शिवाय गालांवर लव वाढली होती. स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असाच ओळखावा. "डॉक्टर, क्रीम लावलं की बरं वाटतं हो," असे तिची आई म्हणत होती आणि ते खरेही होते, कारण व्यसन लागलेल्या कातडीला तेच हवे असते. क्रीम थांबवले, साधा सुगंधरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. (स्टिरॉइड तीव्र असेल तर ते एकदम न सोडता उतरवत न्यावे लागते, म्हणून हे घरी ठरवू नये.) आग शमायला पावसाळ्याची सुरुवात उजाडली. त्यानंतरच अझेलेइक अ‍ॅसिडचे क्रीम रात्री सुरू केले. दिवाळीपर्यंत तपकिरी डाग निम्म्याहून फिके झाले, जबड्याजवळचे दोन राखाडी डाग राहिले, आणि खड्डे होते तसेच होते. काही न लावता नुसते उन्हापासून जपले असते तरी त्या लग्नाच्या सुमारास ती याहून बरी दिसली असती, असे माझे मत आहे.

लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे काळे पट्टे उठू शकतात. आंब्याचा चीक लागलेला हात गालाला लावू नका, कारण त्या भाजण्याचाही डागच होतो. टूथपेस्ट, अक्रोडाचा खरखरीत स्क्रब आणि नखे यांविषयी लिहायचाही कंटाळा आला आहे.

सनस्क्रीन लावूनही डाग जात नाहीत, ही तक्रार मात्र नीट तपासण्यासारखी आहे. बहुतेकांचे प्रमाण वाटाण्याएवढे असते. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा लागतात. एसपीएफ किमान ३० असावा, बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटे लावावे, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी, शिवाय घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे. आपल्या किनाऱ्यावर दमटपणामुळे ते दुपारपर्यंत टिकतच नाही. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे खाली येऊ शकतात, त्यामुळे श्रावणातही सुट्टी नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरणे परतवते, म्हणून बंदरावर नुसती टोपी पुरत नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. गव्हाळ कातडीतील डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि साधे पांढरे सनस्क्रीन तो अडवत नाही. म्हणून डाग असणाऱ्यांना मी कातडीच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीनच सुचवतो. ते महाग वाटत असेल तर सीरम घेऊ नका, हे घ्या.

डाग जातो आहे की नाही हे रोज आरशात पाहून कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, सकाळच्या त्याच वेळी फोटो काढावा. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर एक तर नवे मुरुम येत आहेत किंवा डाग खोल आहे. मुरुम येत असतील तर आधी ते थांबवावेत. त्यासाठी रात्री अ‍ॅडापलीन पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, सुरुवातीला एक दिवसाआड, असे लावता येते. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्यांनी ते लावू नये. उतावळे लोक पहिल्या आठवड्यातच थर देतात, कातडी सोलवटते आणि त्या सोलवटण्याचाच नवा डाग पडतो.

खड्ड्यांसाठी मी मुरुम पूर्ण शांत होऊन काही महिने जाऊ देतो, कारण तोवर काही उथळ खड्डे थोडे सौम्य होतात. त्यानंतर पसरट खड्ड्यांना आतून ओढून धरणारे पट्टे सुईने सोडवणे, बारीक सुयांनी कातडी टोचून घेण्याचे मायक्रोनीडलिंग, आणि अरुंद छिद्रांत थेंबभर तीव्र ट्रायक्लोरोअसेटिक अ‍ॅसिड असे वेगवेगळे उपाय आहेत. यांतील कोणताही उपाय खड्डा पुसत नाही, फक्त उथळ करतो, आणि सावळ्या कातडीवर जोरकस लेझर मारल्यास खड्ड्याच्या जागी काळा डागही मिळू शकतो. मायक्रोनीडलिंगच्या बैठका महिन्याच्या अंतराने तीन-चार तरी लागतात. ज्यांना बागेत किंवा होडीवर काम आहे त्यांना त्या मी पावसाळ्यात देतो, हंगाम सुरू झाल्यावर देत नाही.