फोटोवरून म्हशीची जात ओळखताना या चुका टाळा

हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, म्हशीचा फोटो पाठवतो तेव्हा बहुतेक वेळा तो समोरून काढलेला असतो. भरलेलं तोंड, रुंद कपाळ, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं आणि खाली ओळ: 'प्युअर मुऱ्हा, दुसरं वेत.' खरेदीतल्या निम्म्या चुका या एका फोटोतून सुरू होतात, कारण म्हशीचं शिंग आधी मागे जातं आणि मग वळतं. समोरून पाहिलं की मागे गेलेली लांबी फोटोत दिसतच नाही. दिसतो तो फक्त वळसा, आणि वळसा तर मेहसाणा, जाफराबादी, मुऱ्हा अशा सगळ्यांनाच असतो.

म्हणून पहिला प्रश्न 'शिंग किती वळलंय' हा नको. शिंग बुडापासून कुठल्या दिशेला निघतं आणि टोक कुठे जाऊन थांबतं, हे बाजूने घेतलेल्या फोटोत बघा. हरियाणातल्या रोहतक, हिसार, जिंद भागातली मुऱ्हा असेल तर शिंग आखूड असतं. मागे-वर निघून ते डोक्यालगतच आत वळतं आणि जिलेबीसारखं घट्ट वेटोळं होतं. गुजरातच्या मेहसाणा, बनासकांठा, साबरकांठा पट्ट्यातल्या मेहसाणाचं शिंग लांब आणि सैल. शेवटी वळतं खरं, पण वेटोळं पूर्ण होत नाही. जाफराबादीचं शिंग बुडाशी जाड आणि जड असतं, मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतं आणि टोकाला वर उठतं. तिचं पुढे आलेलं कपाळही बाजूनेच कळतं. ते इतकं फुगीर असतं की डोळे अर्धे मिटल्यासारखे वाटतात.

दुसरी चूक वयाची. वगारीच्या शिंगाला वळसा पुरता यायचा असतो, त्यामुळे अस्सल मुऱ्हा वगारही फोटोत भलत्याच जातीची वाटू शकते. उलट एखादी साधी वगार 'शिंग अजून वळायचंय' असं सांगून मुऱ्हाच्या भावात खपवली जाते. दुदाती-चौदाती जनावराच्या शिंगावरून जातीचा निकाल लावू नये. म्हैस जुळलेली, म्हणजे सगळे पक्के दात आलेली, असेल तरच शिंगावर भरवसा ठेवा. वगार घ्यायची असेल तर तिच्या आईचा फोटो मागा.

आपल्याकडच्या लांब शिंगांच्या म्हशींबाबत घोळ वेगळाच होतो. शिंग लांब दिसलं की पंढरपुरी म्हणायची सवय आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या पंढरपुरीचं शिंग खांद्याच्या फऱ्याच्याही पलीकडे मागे जातं आणि पुष्कळदा बाहेरच्या बाजूला पीळ घेतं. तीन फुटांहून लांब शिंगं तिच्यात नवलाची नाहीत. मराठवाडीचं शिंग मध्यम असतं. ते मानेला समांतर जाऊन खांद्यापाशी थांबतं, फऱ्याच्या पलीकडे जात नाही. विदर्भातल्या नागपुरीची, म्हणजे एलिचपुरी किंवा वऱ्हाडीची, शिंगं चपटी असतात आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी मागे वळून जवळपास खांद्यापर्यंत येतात.

पण 'खांद्यापर्यंत' ही खूण फोटोत फसवी आहे. म्हशीने तोंड वर केलं की शिंगं पाठीवर टेकतात आणि मध्यम शिंगाचं टोकही फऱ्याच्या मागे गेलेलं दिसतं. कासरा ओढून धरलेल्या फोटोत हमखास असंच होतं. अशा वेळी शिंगाची लांबी त्याच फोटोतल्या चेहऱ्याशी ताडून बघा. शिंगांमधल्या माथ्यापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर बोटांच्या चिमटीत स्क्रीनवरच धरा आणि शिंगाच्या वळणावर ठेवत जा. शिंग चेहऱ्याहून बरंच लांब भरलं तरच पंढरपुरीचा विचार करा. डोकं कुठेही असलं तरी हे प्रमाण फारसं हलत नाही, फक्त फोटो बाजूने घेतलेला हवा. मराठवाडी आणि नागपुरी यांच्यात मात्र मी नुसत्या फोटोवर पैज लावणार नाही. तिथे जनावर कुठल्या गावचं, कुणाच्या दावणीचं, हे विचारणंच बरं.

रंगावर तर सगळ्यात कमी विसंबा. विक्रीआधी म्हशीचे केस भादरतात, अंगाला तेल लावतात. मग भुरकट म्हैसही फोटोत काळीभोर चमकते. उलट काळी म्हैस उन्हाळाभर उन्हात राहिली की तिच्या अंगावर तांबूस झाक येते आणि ती सुरती वाटू लागते. चिखल वाळला असेल तर सगळ्याच राखाडी. सुरतीचा रंग तांबूस तपकिरी ते रुपेरी करडा असतो हे खरं, पण तिची पक्की खूण गळ्याखाली आहे: पांढरे दोन पट्टे, एक जबड्याखाली आणि दुसरा छातीशी. म्हशीने मान खाली घातली असेल किंवा गळ्यात जाड दावं असेल तर ते झाकले जातात. फोटोत पट्टे दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच असं धरू नका, मान उचललेला फोटो मागवा.

डोळ्यांचंही तसंच. पंजाबच्या निली-रावीचे डोळे घारे असतात; कपाळ, नाकपुडीजवळचा भाग, पाय आणि शेपटीचा गोंडा पांढरा असतो. रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कुठल्याही म्हशीचे डोळे चमकतात आणि घारे वाटतात. शेपटीचा पांढरा गोंडा तर मुऱ्हातही सापडतो.

आकाराचा अंदाज लेन्स बिघडवते. मोबाइल म्हशीच्या तोंडाजवळ धरला की डोकं आणि शिंगं मोठी दिसतात, मागचा पुठ्ठा बारीक होतो. जमिनीलगत बसून फोटो काढला तर सुरतीसुद्धा जाफराबादीएवढी दिसेल. बारा-पंधरा फूट मागे सरकून, मोबाइल पोटाच्या उंचीवर धरून, अगदी बाजूने काढलेला फोटो हवा. शेजारी माणूस उभा करायचा तर म्हशीच्या खांद्याच्याच रेषेत. तो मागे उभा राहिला की म्हैस आपोआप मोठी वाटते.

आता सुरुवातीच्या 'प्युअर मुऱ्हा'कडे येऊ. समजा बाजूचा फोटो मागवला आणि त्यात असं दिसलं: शिंग बुडापासून खाली-मागे निघालंय, मग वर आलंय, टोकाशी अर्धा वळसा आहे आणि वळशाच्या मधून पलीकडची मान दिसतेय. चेहरा लांबट, अंग लांब, पाय बारीक, रंग काळाच. म्हैस जुळलेली आहे, म्हणजे शिंग आणखी वळायचं राहिलेलं नाही. ही टिपिकल मुऱ्हा नव्हे. मेहसाणा असेल, नाहीतर गावठी म्हशीला मुऱ्हाचं रेतन करून झालेली सुधारित असेल. या दोहोंतला फरक फोटोत सुटत नाही, कारण मेहसाणा ही जातच मुऱ्हा आणि सुरतीच्या संकरातून घडलेली मानली जाते. दुधाला ती वाईट ठरते असं नाही, पण मुऱ्हाचा भाव देण्याचं कारण उरत नाही.

अशा वेळी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा जवळून फोटो मागवा. त्यावरचा 12 आकडी क्रमांक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला तर नोंदीत जात, वेत आणि रेतन काय लिहिलंय ते बघता येतं. नोंद करणाऱ्यानेही जात बघूनच लिहिलेली असू शकते, तेव्हा रेतनाची नोंद जातीच्या रकान्यापेक्षा जास्त कामाची. बिल्ला नसेल आणि विकणारा बाजूने फोटो द्यायला टाळत असेल, तर म्हैस 'सुधारित' धरूनच भाव करा.