रांगोळीचा रंग पुसण्याआधी पाणी लांब ठेवा

दिवाळी संपली की दारातली रांगोळी आपण सरळ ओल्या फडक्याने पुसतो, आणि गुलाबी रंग टाइल्सच्या सांध्यात जाऊन बसतो. रांगोळीची पूड दगडाची, पण तिला दिलेला रंग बऱ्याचदा पाण्यात सुटणारा असतो. खात्री करायची तर चिमूटभर पूड टिशूवर ठेवून वर एक थेंब पाणी टाका. भोवती रंगीत कडं पसरलं, तर तो रंग फरशीवरही तसाच पसरणार.

म्हणून आधी सगळं कोरडं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने कडेकडून मध्ये ढीग करा आणि सुपलीत घ्या. झाडू जोरात मारू नका, पूड उडते. उरलेली बारीक पूड कणकेच्या घट्ट गोळ्याने टिपा. मगच भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं, घट्ट पिळलेलं फडकं बाहेरून आत फिरवा आणि दर वेळी त्याची स्वच्छ घडी वापरा. सांध्यात रंग उरलाच, तर खायच्या सोड्याची दाट पेस्ट दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात नको, चकाकी जाते.

कपड्यावर सांडलं तर हाताने झटकायचा मोह आवरा. बोटांनी पूड धाग्यांत रुतते. कपडा गॅलरीत उलटा धरून झाडा, उरलेली पूड चिकटपट्टीने उचला. मग डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे रंग आला तसाच बाहेर पडतो. डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री नको. पैठणी असेल तर फक्त झाडून थेट ड्रायक्लीनला द्या.