पोल टाकताना कौल आधीच देऊ नका

“यंदा विसर्जन मिरवणुकीत कर्कश डॉल्बी बंद करूया ना?” खाली पर्याय: ‘हो, नक्कीच’, ‘हो’, ‘नाही’. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा पोल आला, की उत्तर प्रश्नातच ठरलेलं असतं.

१. ‘कर्कश’ आणि ‘ना?’ काढा. सरळ विचारा: “मिरवणुकीत काय असावं?”

२. दोन्ही बाजूंना सारखेच पर्याय द्या: ‘डॉल्बी’, ‘पारंपरिक वाद्यं’, ‘दोन्ही चालेल’, ‘अजून ठरवलं नाही’. इथे खरी मेख आहे. ढोल-ताशा आणि झांजपथक वेगळे मांडलेत, तर पारंपरिक वाद्यांची मतं फुटतात आणि कमी पाठिंब्यावरही डॉल्बी पुढे जाते. कोणतं पथक बोलवायचं, हा पोल नंतर घ्या.

३. प्रत्येकाने एकाच पर्यायाला मत द्यावं असं हवं असेल, तर एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय बंद करा. ती आपोआप चालू असते.

४. टाकण्याआधी विरुद्ध मताच्या एखाद्या कार्यकर्त्याला वाचायला द्या. “माझं मत यात कुठंय?” असं तो म्हणाला, तर पर्याय पुन्हा लिहा.

एक जपा: कुणी कशाला मत दिलं ते ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतं. वादाचा विषय असेल तर चिठ्ठ्याच घ्या.