पेपरातला ‘±’ एक्सेलमध्ये भरण्याआधी

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एका शीटमध्ये आणताना सर्वांत मोठी चूक ‘±’ या चिन्हापाशी होते. त्याच्या पुढचा आकडा कधी एसडी असतो, म्हणजे रुग्णारुग्णांतला फरक. कधी एसई, म्हणजे सरासरी किती अचूक आहे त्याचं माप. पेपर छापताना दोन्ही सारखेच दिसतात.

शीट आखताना एका चाचणीच्या प्रत्येक गटाला स्वतंत्र ओळ द्या. मग पेपरात छापलेला आकडा, तो एसडी, एसई की 95 टक्के सीआय, विश्लेषणात धरलेले रुग्ण, पान व तक्ता क्रमांक, शेरा, आणि सगळ्यात शेवटी आपण काढलेली एसडी, असे रकाने करा. छापील आकड्याच्या रकान्यात काहीही दुरुस्त करायचं नाही. तो जसा आहे तसाच राहिला, तर महिन्याभराने शंका आली तरी मागे जाता येतं.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात आम्ही मधुमेहाच्या औषधांवर काम करत होतो. एका पेपरात सुरुवातीचं एचबीएवनसी 8.4 ± 0.11 असं होतं. माझ्या ज्युनिअरने 0.11 एसडी म्हणून भरलं. तो म्हणाला, “मॅडम, तक्त्याखाली काही लिहिलेलंच नाही.” मी म्हटलं, “मग रुग्ण कसे निवडले ते बघ.” चाचणीत 7 ते 10.5 पर्यंतचे रुग्ण घेतले होते. एसडी खरंच 0.11 असती, तर जवळजवळ सगळे 8.2 ते 8.6 मध्येच बसले असते. असं होत नाही. पद्धतीच्या भागात, संख्याशास्त्राच्या परिच्छेदात शेवटी एक ओळ सापडली: आकडे सरासरी आणि एसई असे दिले आहेत.

गटात 70 जण घेतले होते, पण विश्लेषणात 64. वर्गमूळ 64 चंच घ्यायचं: 0.11 × 8 = 0.88. रुग्णसंख्या F मध्ये आणि एसई G मध्ये असेल तर:

```
=G2*SQRT(F2)
```

सीआय दिला असेल, तर वरच्या टोकातून खालचं वजा करून 3.92 ने भागा, एसई मिळते. हे एका गटाच्या सरासरीच्या सीआयला लागू पडतं. दोन गटांतल्या फरकाचा सीआय इथे वापरू नका. गट लहान असेल, साधारण 60 हून कमी, तर 3.92 ऐवजी टी-वितरणातल्या किमतीची दुप्पट घ्यावी लागते.

ही चूक राहिली असती, तर फिक्स्ड इफेक्ट पद्धतीत, दुसऱ्या गटातही 64 जण आणि तीच चूक धरली, तर या एका पेपराचं वजन 64 पट झालं असतं. म्हणून फॉरेस्ट प्लॉटमध्ये एखादा चौकोन अवाजवी मोठा आणि त्याची रेघ अगदी आखूड दिसली, की आधी त्याच पेपराचा ‘±’ उघडून पाहा.

दोघांनी एकमेकांचं न बघता भरावं आणि मग जुळवावं. फक्त दोघांनी तोच तक्ता वाचून तोच गैरसमज केला, तर शीट जुळूनही चुकलेली असते. म्हणून एसडी की एसई हा रकाना तक्त्यावरून भरू नका. पद्धतीच्या भागातलं ते वाक्य शोधा आणि शेरा रकान्यात जसंच्या तसं उतरवा. वाक्यच नसेल, तर ‘अस्पष्ट’ लिहा आणि लेखकांना मेल करा.